पंचवीस पट पुरतात का?

“मॅडम, माझा महिन्याचा खर्च 80 हजार आहे. वर्षाचे 9 लाख 60 हजार, त्याच्या पंचवीस पट म्हणजे 2 कोटी 40 लाख. पंचेचाळीसाव्या वर्षी तेवढे जमतात. मग नोकरी सोडू ना? आकडा बरोबर आहे, पण रात्री झोप लागत नाही.”

हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मी इतक्या जणांकडून ऐकलाय की आता पहिल्या दोन वाक्यांतच ओळखते. आयटीतली, चाळिशीच्या आसपासची माणसं असतात, एक्सेल शीट तयार असते आणि आकडा पाठ असतो. हे गृहस्थ पुण्याचे, वय 42, होम लोन फिटलेलं, मुलगी अकरा वर्षांची, तिच्या शिक्षणाचे पैसे वेगळे काढून ठेवलेले. मुलगी कॉलेजला गेली की बायकोही नोकरी सोडणार असं दोघांचं ठरलेलं होतं.

माझं एक ठाम मत आहे आणि ते वर्षानुवर्षं लोकांशी बोलून तयार झालंय. पैशाच्या आकड्यामागे झोप उडत असेल तर त्या आकड्यात काहीतरी खरोखर राहिलेलं असतं, आणि ते माणसाला आतून माहीत असतं. त्यामुळे मी “काळजी करू नका” असं कधीच म्हणत नाही, उलट मी शीट उघडायला लावते.

पहिल्या भेटीत मी एवढंच विचारलं की पंचवीसच पट का? ते म्हणाले, “चार टक्क्यांचा नियम आहे ना.” आहे, म्हणजे पहिल्या वर्षी जमलेल्या पैशांतले चार टक्के खर्चाला काढायचे आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवायची, आणि चार टक्के म्हणजेच पंचविसावा भाग, म्हणून पंचवीस पट. पण तो कुठून आला ते बघा. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने 1994 मध्ये तो मांडला, अमेरिकेतल्या शेअर्स आणि बाँड्सच्या जुन्या आकड्यांवरून, आणि हिशोब धरला होता तीस वर्षांचा. म्हणजे पासष्टीला रिटायर होणाऱ्या माणसाचा. तुम्ही पंचेचाळीसला थांबणार आणि नव्वदीपर्यंत पैसे पुरवायचे म्हणता, तर ती पंचेचाळीस वर्षं झाली, आणि महागाई अमेरिकेतली नाही तर इथली.

त्यांनी शीटमध्ये परतावा 12 टक्के आणि महागाई 6 टक्के धरली होती. मी म्हटलं, सगळे पैसे शेअर बाजारात आहेत का? तर नाही, जवळजवळ निम्मे पीएफ आणि एफडीत. मग निम्म्यावर 12 आणि निम्म्यावर 7 धरले तर सरासरी साडेनऊ, त्यातून टॅक्स गेला की नऊच्या आसपास. महागाई म्हणाल तर शाळा, दवाखाना, सोसायटीचा मेंटेनन्स या तिन्हींनी त्यांच्या घरात तरी 7 गाठलेच होते. म्हणजे महागाईच्या वर हातात राहणार दोन टक्के, तेही सगळं नीट चाललं तर. शीटमध्ये सहा होते!

हा फरक समजायला एक सोपा हिशोब मी कागदावर करून दाखवते. पैसे महागाईच्याच वेगाने वाढले, वर काहीच नाही, तर पंचवीस पट पैसे बरोबर पंचवीस वर्षं पुरतात आणि पंचेचाळीस वर्षांसाठी पंचेचाळीस पट लागतात. महागाईच्या वर एक टक्का मिळाला तर साधारण छत्तीस पट, दोन टक्के मिळाले तर साधारण तीस पट. तो कागद ते बराच वेळ बघत बसले. परतावा 12 की 11 यावर ते मित्रांशी तासनतास वाद घालायचे, पण महागाई वजा करून काय उरतं हे कुणीच विचारलं नव्हतं.

पण खरी गाठ सुटली तिसऱ्या भेटीत, बायको सोबत आली तेव्हा. मी तिला ते 80 हजार दाखवले. तिने यादी वाचली, पर्समधून एक लांबट डायरी काढली, दूधवाल्याच्या खाड्यांसकट पेन्सिलीने लिहिलेली, आणि शांतपणे म्हणाली,

“अरे, कामवाल्या मावशींचा पगार कुठेय यात?”

“तो तू देतेस ना.”

“हो, आणि व्हॅन, दूध, भाजी, किराणा, आईंची बीपी-शुगरची औषधं, सगळं माझ्या यूपीआयवरून जातं. मी पण नोकरी सोडल्यावर ते कोण देणार?”

बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग ते म्हणाले, “मी माझ्या अकाउंटचाच हिशोब केला होता.” मला त्या वाक्याचं आजही समाधान वाटतं, कारण ते मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांना दिसलं. घर दोघांचं होतं आणि आकडा एकाचा, झोप तिथेच उडत होती.

दोघांनी बसून बारा महिन्यांची स्टेटमेंट्स एकत्र केली. गाडीचा इन्शुरन्स, गणपती-दिवाळी, लग्नाकार्यातले आहेर, एकदा बदललेला फ्रीज, हे महिन्याच्या खर्चात कधी दिसत नाही पण वर्षात येतंच. वर्षाचे 12 लाख 60 हजार झाले. 2 कोटी 40 लाखांत, वर दोन टक्के धरले तरी, हे पुरतात तेवीस-चोवीस वर्षं, म्हणजे ते अडुसष्ट-एकोणसत्तरचे होईपर्यंत. सावध राहून वर एकच टक्का धरला, तर छत्तीस पटीने लागतात साडेचार कोटी.

ते खचले, साहजिक आहे. पण तोच हिशोब उलटा वाचला की वाट दिसते. छत्तीस पटीने, वर्षाचा खर्च एक लाखाने कमी झाला तर 36 लाख कमी जमवावे लागतात. नोकरी सोडल्यावर दहा वर्षं शिकवून किंवा सल्ल्याचं काम करून वर्षाला 4 लाख मिळाले, आणि तेही महागाईबरोबर वाढत गेले, तर साधारण 38 लाख कमी. शेअर बाजाराकडून आणखी दोन टक्क्यांची आशा धरण्यापेक्षा या दोन गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत, म्हणून मी लोकांना आधी इकडेच वळवते.

अजून दोन गोष्टी त्यांना करायला लावल्या. एक म्हणजे पहिली पाच वर्षं जपायची. सेन्सेक्स जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांवर होता आणि ऑक्टोबरमध्ये 8 हजारांच्या खाली गेला. त्या जानेवारीत कुणी सगळे पैसे शेअर्समध्ये ठेवून नोकरी सोडली असती तर खर्चासाठी तळाला विकत बसावं लागलं असतं, आणि विकलेले युनिट पुढच्या तेजीत परत येत नाहीत. म्हणून चार-पाच वर्षांचा खर्च एफडी किंवा लिक्विड फंडात हवा, आणि तो नोकरी सोडायच्या आधी. दुसरं म्हणजे मेडिक्लेम. कंपनीचा ग्रुप इन्शुरन्स नोकरीबरोबर जातो. त्यांना बीपीची गोळी चालू होती, नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, मग ती तीन वर्षं पगार चालू असतानाच संपवलेली बरी ना? प्रपोजल फॉर्मवर बीपी लिहा असंही बजावलं, कारण लपवलं तर ऐन वेळी क्लेम नाकारला जाऊ शकतो.

शेवटच्या भेटीत शीट पूर्ण बदललेली होती. एका आकड्याच्या जागी तीन होते, दोन टक्क्यांचे 3 कोटी 80 लाख, एक टक्क्याचे साडेचार कोटी, शून्याचे 5 कोटी 67 लाख. पंचेचाळीसच्या जागी अठ्ठेचाळीस लिहिलं होतं, आणि त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस काम. दर एप्रिलमध्ये दोघांनी मिळून खर्च पुन्हा मोजायचा असं खाली टाकलं होतं. खर्चाच्या यादीत पहिली ओळ होती, “मावशींचा पगार (दिवाळी बोनस धरून).”

“झोप?” मी विचारलं.

बायकोच म्हणाली, “आता घोरतो.”