कानातली काढली, तरी पापण्या सुजतात

«कानामागे खाज येते, पापण्या सुजतात. खोटी कानातली बंद केली, तरी थांबत नाही. केसांना तर फक्त काळी मेंदी लावते. रक्ताची अ‍ॅलर्जी तपासणी करून घेऊ का?»

या त्रासासाठी रक्ततपासणीवर पैसे घालवू नका, असे मी आग्रहाने सांगेन. मी डॉक्टर नाही, पण याच फेऱ्यातून गेले आहे. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने मला लांबलचक यादी दिली आणि तिच्यात खुणा केलेली वांगी, शेंगदाणे व हरभऱ्याची डाळ बंद करायला सांगितली. घरचा स्वयंपाक बदलला, पापण्या मात्र सुजतच राहिल्या. ती तपासणी रक्तातील आयजीई प्रतिपिंडे, म्हणजे लगेच उठणाऱ्या अ‍ॅलर्जीशी निगडित प्रथिने मोजते, आणि स्पर्शाने होणारी ही अ‍ॅलर्जी टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींमुळे होते. त्यामुळे तिचे कारण त्या अहवालात सापडणारच नव्हते. हे तिथे कोणीही सांगितले नाही, याचा मला आजही राग येतो.

त्रासाची जागा नीट पाहा. खोट्या दागिन्यांतल्या निकेलचे चट्टे बहुधा धातू टेकतो तिथेच, म्हणजे कानाच्या पाळीच्या छिद्राभोवती किंवा साखळीखाली मानेवर उठतात. कानाची वरची कड, कानामागची घडी, कपाळावरची केसांची रेषा आणि पापण्या असे चित्र असेल, तर संशय केसांच्या रंगावर घ्यावा. डोक्याची जाड त्वचा पुष्कळदा शांत राहते आणि पापणीची पातळ त्वचा सुजते. शिवाय त्रास एक ते तीन दिवसांनी उमटतो, त्यामुळे रविवारचा रंग आणि मंगळवारची सूज यांची सांगड कोणी घालत नाही. मी दोन्ही गोष्टी कॅलेंडरवर लिहू लागले, तेव्हा ती जोडी दिसली.

शुद्ध मेंदीचा रंग तांबूस येतो. एका तासात काळाभोर रंग देणाऱ्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचा. तिथे बहुधा p-Phenylenediamine किंवा PPD हे केस काळे करणारे रसायन सापडेल. माझ्या पाकिटावर पुढे मेंदीची पाने होती आणि मागे हेच नाव.

खात्री पॅच टेस्टने होते. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर संशयित द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवतात, त्या ४८ तासांनी काढतात आणि पाठ तेव्हा व पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. दुसरी पाहणी टाळू नका, कारण माझा पीपीडीचा लाल, फोडांचा चट्टा तेव्हाच ठळक झाला. पाठ भिजवायची नसते आणि घामाने पट्ट्या सुटतात, म्हणून पुण्याचा एप्रिल-मे शक्यतो टाळावा. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर खरी अ‍ॅलर्जीही दबून राहू शकते. त्या डॉक्टरांना सांगा, स्वतःहून थांबवू नका. रंग घरी हातावर लावून पाहण्याच्या मी विरोधात आहे, कारण आधीच अ‍ॅलर्जी असेल तर मोठे फोड येऊ शकतात. चेहरा झपाट्याने सुजला किंवा श्वास अडकू लागला, तर तडक रुग्णालय गाठावे.

पीपीडी निघाले तर नुसता ब्रँड बदलून भागत नाही. पीपीडी नसलेल्या अनेक कायमच्या रंगांत असणारे Toluene-2,5-diamine हे भावंडही पुष्कळांना बाधते. जागा बधिर करणाऱ्या काही मलमांत बेंझोकेन असते आणि तेही काहींना चालत नाही, म्हणून दातांच्या डॉक्टरांनाही तो अहवाल दाखवावा.