मामांच्या दुकानातील वही

“मॅडम, मी यंदा इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालो. इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ हाच येतो. मी पाठ केलेले सगळे नीट म्हणतो, तरी समोरच्यांचे लक्ष नसते. अनुभव काहीच नाही, मग स्वतःबद्दल सांगायचे तरी काय?”

हा मुलगा दांडियाबाजारातील माझ्या खोलीवर आला, तेव्हा त्याच्या दोन मुलाखती झाल्या होत्या आणि तिसरी आठ दिवसांवर होती. वडोदऱ्याच्या आसपास ट्रान्सफॉर्मर, मोटारी आणि स्विचगिअर बनवणारे लहानमोठे कारखाने बरेच आहेत. त्यांपैकी एका मध्यम कारखान्यात टेस्टिंग विभागासाठी प्रशिक्षणार्थी हवे होते. मी त्याला काही समजावण्याआधी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केले आणि त्याचे नेहमीचे उत्तर म्हणायला लावले.

ते उत्तर दोन मिनिटे चाळीस सेकंदांचे निघाले. सुरुवात “मायसेल्फ अमुक” अशी होती. (इंग्रजीत असे वाक्य होत नाही, ‘आय अ‍ॅम’ म्हणावे, एवढी दुरुस्ती मी लगेच केली, कारण ती करायला क्षणभरही लागत नाही.) पुढे वडिलांचे नाव आणि नोकरी, आईचे गृहिणी असणे, बहिणीचे शिक्षण, दहावी-बारावीचे टक्के, मग “मी मेहनती, प्रामाणिक आणि संघात काम करणारा आहे”, मग क्रिकेट आणि गाणी, आणि शेवटी “दॅट्स ऑल अबाउट मी”. विजेच्या विषयाशी संबंध असलेले वाक्य यात एकच होते, ते म्हणजे शेवटच्या वर्षाला केलेला मोबाइलवरून घरातील दिवे लावण्या-विझवण्याचा प्रोजेक्ट.

मी त्याला विचारले, “तुझे उत्तर संपल्यावर त्यांनी पहिला प्रश्न कोणता विचारला?” समोरच्यांचे लक्ष होते की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवू नये, ते पुढच्या प्रश्नावरून ठरवावे. पहिल्या मुलाखतीत उत्तर संपल्यावर त्यांनी बायोडाटा उलटून ओमचा नियम विचारला होता. याचा अर्थ, अडीच मिनिटांत पुढे विचारण्यासारखे काहीही त्यांच्या हाती लागले नव्हते, म्हणून ते पाठ्यपुस्तकाकडे वळले. दुसऱ्या मुलाखतीत त्यांनी प्रोजेक्ट उचलला आणि विचारले, “रिले किती अँपिअरचा घेतलात, आणि का?” त्याला सांगता आले नाही. चौघांच्या गटात साहित्य आणि कोड दुसऱ्या मित्राने सांभाळले होते, याने अहवाल लिहिला होता. अहवाल लिहिणे हे कमी प्रतीचे काम नाही, परंतु त्याने “मी प्रोजेक्ट केला” असे म्हटल्यामुळे रिलेचा प्रश्न त्याच्या वाट्याला आला.

नवशिक्याच्या पहिल्या उत्तराकडे मी याच दृष्टीने पाहते. मुलाखत घेणाऱ्याला बायोडाटातील मजकूर पुन्हा ऐकायचा नसतो, पुढची दहा मिनिटे कशावर बोलायचे हे त्याला ठरवायचे असते. ते तुम्ही सुचवले नाही तर तो स्वतः ठरवतो, आणि नवशिक्याच्या बाबतीत बहुधा अभ्यासक्रमातील कोणत्याही कोपऱ्यातला प्रश्न येतो. म्हणून उत्तरात एक तरी गोष्ट अशी हवी की जिच्यावर तीन उपप्रश्न आले तरी तुम्ही डगमगणार नाही.

अशी गोष्ट त्याच्याकडे नाही, असे तो अर्धा तास सांगत राहिला. मी कौशल्यांची यादी मागितली नाही, फक्त सुट्ट्यांत तो काय करत असे ते विचारले. तेव्हा अगदी सहज, जवळजवळ ओशाळून, तो म्हणाला, “मकरपुऱ्याला मामांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे, तिथे बसायचो. पण ते मिस्त्रीकाम, मॅडम. इंजिनिअर म्हणून ते सांगायचे का?” मला हसू आले, कारण हा मुलगा शिकला होता कलाभवनात. महाराज सयाजीरावांनी 1890 मध्ये ही संस्था उघडली तीच हातच्या कलाकौशल्यांचे आणि उद्योगांचे शिक्षण देण्यासाठी.

दुकानात नेमके काय करायचास, यावर आम्ही बराच वेळ घालवला आणि तो वेळ सार्थकी लागला. जळालेली मोटार आली की आधी तिच्या पट्टीवरील माहिती उतरवायची. जुने वाइंडिंग काढताना एका कॉइलमध्ये किती वेढे आहेत ते मोजायचे, तारेची जाडी मायक्रोमीटरने घ्यायची, कॉइलची एक बाजू कोणत्या खाचेत आणि दुसरी कितव्या खाचेत आहे ते पाहायचे, जोडणी स्टार आहे की डेल्टा ते लिहायचे. हे सर्व वहीत नीट उतरले नाही तर नवीन वाइंडिंग चुकते, म्हणून मामांनी वही भाच्याकडे सोपवली होती. काम पूर्ण झाल्यावर व्हार्निश लावून मोटार भट्टीत सुकवत आणि मग मेगरने वाइंडिंग व बॉडी यांच्यामधील इन्सुलेशन तपासत.

मग तो स्वतःहून एक गोष्ट बोलून गेला. “एकदा तीन एच.पी.ची पंपाची मोटार आली होती. दोन फेजच्या कॉइल काळ्याठिक्कर आणि तिसऱ्या फेजच्या अगदी नव्यासारख्या. मामा बघूनच म्हणाले, सिंगल फेजिंग आहे, जाऊन फ्यूज बघ.” मी इंजिनिअर नाही, म्हणून मी त्याला कारण विचारले. त्याने कागदावर आकृती काढून समजावले. स्टार जोडणीत एक लाइन तुटली की प्रवाह उरलेल्या दोन फेजमधून जातो आणि तिसरीत जातच नाही, म्हणून दोन जळतात आणि एक वाचते. तिन्ही सारख्या करपल्या असतील तर बहुधा जादा भाराचा संशय घ्यायचा. बोलताना त्याचा आवाज मोकळा झाला होता आणि वर पाहून शब्द आठवण्याची त्याची सवय त्या पाच मिनिटांत एकदाही दिसली नाही. उत्तर पाठांतराचे आहे की अनुभवाचे, हे मुलाखत घेणाऱ्यालाही असेच कळते.

तरीही एका ठिकाणी मला त्याला थांबवावे लागले. उत्साहाच्या भरात तो म्हणाला, “दोनशे मोटारी रिवाइंड केल्या, असे सांगतो.” मी त्याला वही घेऊन यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी मोजल्या तेव्हा त्याच्या अक्षरातील नोंदी त्रेचाळीस निघाल्या, आणि जोडण्या करण्याचे काम कारागिराचे होते, याचे नव्हते. दोनशे म्हटल्यावर “मग जोडणी करून दाखव” असे समोरून आले असते तर रिलेचीच पुनरावृत्ती झाली असती. त्रेचाळीस हा आकडा लहान असला तरी तो मोजलेला होता, आणि टेस्टिंगच्या माणसाला मोजून सांगणारा उमेदवार ओळखता येतो.

आम्ही बसवलेल्या उत्तराचा आशय मराठीत असा होता. “मी यंदा इलेक्ट्रिकलची पदवी पूर्ण केली आणि वडोदऱ्यातच राहतो. कॉलेजच्या तीन उन्हाळी सुट्ट्यांत मी मामांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मदतनीस होतो. जळालेल्या मोटारीचे वेढे, तारेची जाडी आणि जोडणी नोंदवण्याचे काम माझ्याकडे होते. अशा त्रेचाळीस मोटारींच्या नोंदी मी केल्या. जोडणी कारागीर करत, मेगरची तपासणी मी त्यांच्या देखरेखीखाली करत असे. वाइंडिंग कसे जळले आहे यावरून बिघाडाचे कारण ओळखता येते, हे मी तिथे पाहिले आणि त्यातच मला रस वाटू लागला. आपल्याकडे टेस्टिंग विभागात जागा आहे, म्हणून मी अर्ज केला.” सावकाश बोलूनही हे एका मिनिटाच्या आसपास संपते. शेवट ‘दॅट्स ऑल’वर नाही, त्या जागेवर आहे, त्यामुळे पुढचा प्रश्न कुठून येईल याचा साधारण अंदाज बांधता येतो.

टक्के, छंद आणि ‘मेहनती’ हे विशेषण आम्ही काढले. घरच्यांचा उल्लेखही काढला, पण पूर्ण बंदी घातली नाही. आपल्याकडे लहान कारखान्याचा मालक स्वतः मुलाखत घेत असेल तर घरी कोण कोण असते हे तो आपुलकीने विचारतो, तेव्हा एका वाक्यात सांगावे. ‘वडोदऱ्यातच राहतो’ हे मात्र मुद्दाम ठेवले, कारण कारखाना सावली तालुक्याच्या बाजूला होता, काम पाळीचे होते, आणि मुलगा रोज येऊ शकेल का ही शंका मालकाच्या मनात असतेच. तिसऱ्या सेमिस्टरला एक विषय राहिला होता, तो पहिल्या उत्तरात स्वतःहून काढू नये, विचारला तर खरे आणि थोडक्यात सांगावे, असे ठरले.

हे उत्तर शब्दशः पाठ करायला मी त्याला मनाई केली. पदवी, दुकान, बिघाडाचे कारण आणि ही जागा, एवढे चार टप्पे लक्षात ठेवून रोज वेगळ्या शब्दांत बोलायचे, आणि एकदा मी मध्येच तोडल्यावर तिथूनच पुढे जायचे, असा सराव केला. पाठ केलेले उत्तर मध्ये तोडले की मुले पुन्हा “मायसेल्फ”पासून सुरू करतात. एकदा इंग्रजीत, एकदा हिंदीत आणि एकदा गुजरातीत असेही बोलून घेतले, कारण इथे प्रश्न इंग्रजीत येतो आणि गप्पा कधी “तमारा विशे कंईक कहो”वर येतील ते सांगता येत नाही. मनुष्यबळ विभागातील व्यक्ती समोर असेल तर वेढे आणि तारेची जाडी गाळून ‘बिघाडाची नोंद ठेवण्याचे काम’ एवढेच म्हणायचे, हेही ठरले. हीच जागा विक्री विभागाची असती तर मी वही बाजूला ठेवून, मोटार जळाली म्हणून चिडून आलेल्या शेतकऱ्याला हा मुलगा कारण कसे समजावत असे, ते पुढे आणले असते.

मुलाखतीहून तो थेट माझ्याकडे आला. उत्तर संपताच टेस्टिंगच्या प्रमुखांनी विचारले होते, “मोटार डेल्टाची असती तर किती फेज जळल्या असत्या?” त्याने एक असे सांगितले. उरलेल्या दोन लाइनमध्ये थेट असलेल्या वाइंडिंगवर सर्वाधिक प्रवाह येतो आणि बाकीची दोन एकामागे एक जोडल्यासारखी होतात, हे त्याने आकृती काढून दाखवले. मग मेगरचे व्होल्टेज विचारले, ते त्याने पाचशे सांगितले. त्यानंतर व्हार्निश कोणत्या तापमानाला सुकवायचे, हे विचारले. तिथे तो अडला आणि “भट्टी कारागीर लावत, मी आकडा पाहिलेला नाही” असे म्हणाला. प्रमुख “बरं” म्हणाले आणि पाळीच्या वेळा सांगू लागले.

“मॅडम, ते उत्तर चुकलं ना?” त्याने मला विचारले. चुकले नाही, असे मी म्हटले. पुढच्या फेरीचे बोलावणे चार दिवसांनी आले, तोपर्यंत तो मकरपुऱ्याला जाऊन भट्टीचा आकडा वहीत लिहून आला होता.