सीडला ‘बीज’ म्हटलं तर अर्थ पोचतो का?

प्रश्न: “गेममध्ये लेव्हल आपोआप तयार होतात तेव्हा ‘सीड’ टाकतात. त्याला मराठीत बीज म्हणावं का? आणि तेच सीड टाकलं की दरवेळी तेच जग कसं काय येतं, रँडम असतं ना ते?”

बीज म्हणायला हरकत काहीच नाही, पण एक अडचण आहे. बी म्हटलं की आपल्या डोक्यात येतं की सगळं झाड आत दडलेलं आहे, आणि तरी एकाच झाडाच्या दोन बिया पेरल्या तर झाडं हुबेहूब सारखी येत नाहीत. गेममध्ये नेमकं उलटं आहे. सीडच्या आत जगबिग काही नसतं, तो नुसता एक आकडा असतो, आणि उगवतं ते मात्र दरवेळी अगदी तंतोतंत तेच. म्हणून मी तरी ‘बीजांक’ म्हणतो, म्हणजे आकडा आहे हे शब्दातच येतं.

आता रँडमचं. कॉम्प्युटर इथे फासे टाकत नसतो, तो आधीच्या आकड्यावरून पुढचा आकडा काढतो, ठरलेल्या गणिताने. खऱ्या गेममधली गणितं मोठी असतात, आपण एक खेळण्यातलं घेऊ:

```
x = (5*x + 3) % 16
```

म्हणजे पाचाने गुणा, तीन मिळवा, सोळाने भागून बाकी ठेवा. बीजांक 7 घेतला तर 38, बाकी 6. सहावरून 33, बाकी 1. असं करत 6, 1, 8, 11, 10, 5... ही रांग येते. बघणाऱ्याला विस्कळीत वाटते, पण 7 पासून सुरुवात केली की कुणीही, कुठल्याही मशीनवर काढली तरी हीच येणार. (सोळा आकडे झाले की परत 7 येतो आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून, म्हणून खऱ्या गेममध्ये इतकं छोटं गणित चालत नाही.)

या रांगेतून लेव्हल करू. नियम असा की पहिला आकडा चाराने भागायचा, पूर्णांक घ्यायचा, त्यात 2 मिळवायचे, तेवढ्या खोल्या. 6 वरून 1, म्हणजे 3 खोल्या. मग प्रत्येक खोलीला पुढचा एकेक आकडा, तोही तसाच भागून त्यात 3 मिळवले की रुंदी: 1, 8, 11 वरून 3, 5, 5. शेवटी खजिना कुठे, तर पुढचा आकडा 10, त्याला 3 ने भागून बाकी 1, आणि खोल्या शून्यापासून मोजल्या तर दुसरी खोली. झाली लेव्हल. साठवायला काय लागलं? फक्त 7 आणि हे नियम. 1984 च्या एलिट या गेममध्ये आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत 256 ग्रह होते, तेही 32 किलोबाइट मेमरीच्या बीबीसी मायक्रोवर, ते याच जोरावर. ग्रह साठवलेलेच नव्हते, लागले की परत काढायचे.

आता गंमत बघा. समजा पुढच्या अपडेटमध्ये कुणीतरी खोल्यांची संख्या ठरल्यावर लगेच “मशाल लावायची का” असा एक नियम घुसवला आणि त्यासाठी एक आकडा खर्च केला. आता 1 मशालीत गेला, रुंद्या 8, 11, 10 वरून 5, 5, 5 आल्या आणि खजिना 5 वरून बाकी 2, म्हणजे तिसऱ्या खोलीत. बीजांक तोच 7, जग वेगळं! म्हणून “तेच सीड तेच जग” हे अर्धंच वाक्य आहे, तोच प्रोग्रॅम आणि आकडे वापरायचा तोच क्रमही लागतो. माइनक्राफ्टची 1.18 आवृत्ती 2021 मध्ये आली तेव्हा जमीन घडवायचे नियमच बदलले, आणि जुन्या सीडने नवीन जग केलं की डोंगर भलतीकडेच दिसायला लागले.

क्रमावरून आणखी एक लफडं होतं. मोठ्या जगात खेळाडू आधी पूर्वेला जाईल की पश्चिमेला हे कुणाला माहीत? सगळे तुकडे एकाच रांगेतून आकडे घ्यायला लागले तर जो आधी गेला त्याप्रमाणे जग बदलेल. म्हणून प्रत्येक तुकड्याला स्वतःचा बीजांक देतात, मूळ बीजांक आणि त्या तुकड्याचे निर्देशांक घुसळून काढलेला, मग तुम्ही कुठूनही या, तिथे तेच झाड. दोघांनी एकच सीड घेऊन वेगवेगळ्या वाटेने जाऊन बघावं, फरक दिसला तर नेमकं हेच चुकलेलं असण्याची शक्यता जास्त.

आणि हो, सीडच्या जागी नाव टाकता येतं ना, तिथेही आतून आकडाच होतो. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत तो जावाच्या `hashCode` ने होतो, त्यात `Aa` आणि `BB` दोन्हींचा आकडा 2112 येतो, म्हणून दोन वेगळी नावं टाकूनही एकच जग मिळतं. बीजांक म्हणायचं माझं आणखी एक कारण हेच.