टीईटीसाठी पियाजे अन् व्हायगॉट्स्कीचा तक्ता कसा बनवावा?

"टीईटी पेपर १ देतोय. सिद्धांतांचा तुलनात्मक तक्ता पूर्ण पाठ आहे, तरी पियाजे आणि व्हायगॉट्स्कीच्या प्रश्नात हमखास चुकतो. तक्ता कसा बनवू?"

तक्त्यात नुसती नावं अन् वयोगट असतील तर चुकणारच भाऊ, मी पण पहिल्या खेपेला तिथंच फसली होती. ०-२, २-७, ७-११ अन् ११ च्या पुढं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी येत होतं, पण पेपरात प्रसंग देतात ना. म्हणून दुसऱ्या खेपेला जुन्या कॅलेंडरच्या मागं तक्ता केला, डावीकडं एक प्रसंग अन् त्याच्यासमोर दोन खाने, पियाजे काय म्हणेल अन् व्हायगॉट्स्की काय म्हणेल.

पहिला प्रसंग घरातलाच. माझी पाच वर्षांची पुतणी अंगणात चिंचोके लहान-मोठे असे लावत बसली होती अन् एकटीच बडबडून राहिली होती, "हा मोठा, हा इथं, नाही नाही, हा नाही बसत". म्हटलं कोणाशी बोलून राहिली वं, तर तिनं मान पण वर केली नाही.

पियाजेच्या खान्यात लिहा: हे आत्मकेंद्रित बोलणं, समोरच्याला काय समजतंय याचा विचार पोराला अजून करता येत नाही, ते जमायला लागलं की बडबड आपोआप गळून पडते. व्हायगॉट्स्की याच्या उलट सांगतो. त्याच्या मते बोलणं आधी दुसऱ्यांशी असते, मग मोठ्यानं स्वतःशी, मग मनातल्या मनात, म्हणजे बडबड संपत नाही, आत जाते, अन् तोवर मूल तिच्याच आधारानं आपलं काम स्वतः सांभाळते. त्यानं मुलांना चित्र काढायला बसवलं अन् ऐन वेळी पाहिजे त्या रंगाची पेन्सिलच ठेवली नाही, तर बडबड जवळपास दुप्पट झाली. नुसता बालिशपणा असता तर अडचण आल्यावर कशाला वाढली असती?

आता पेपरात पर्याय येतात "आत्मकेंद्रितता" अन् "स्व-नियमन", दोन्ही खरे वाटतात कारण दोन्ही कोणाचं तरी उत्तर आहेच, म्हणून आधी प्रश्नात "यांच्या मते" च्या मागं कोणाचं नाव आहे त्याच्याखाली रेघ मारायची. नाव नसेल तर प्रसंग पाहा, "अवघड काम करताना" असं दिलं असेल तर बहुतेक व्हायगॉट्स्कीच.

दुसरी ओळ मदतीची ठेवा. पोरगी एकटी पाच चिंचोके लावते अन् मी "आधी सगळ्यात मोठा शोध" एवढंच म्हटलं की आठ लावते, हे मधलं अंतर म्हणजे व्हायगॉट्स्कीचं समीपस्थ विकासाचं क्षेत्र. पियाजे म्हणेल आधी विकास, मग शिकणं, व्हायगॉट्स्की म्हणेल शिकणं विकासाच्या पुढं चालते. अन् हो, ती मदत म्हणजे स्कॅफोल्डिंग, पण हा शब्द व्हायगॉट्स्कीचा नाही, १९७६ मध्ये वुड, ब्रूनर अन् रॉस यांनी वापरला, गाईडमध्ये सरसकट त्याच्याच नावावर टाकलेला असते. पर्यायात ब्रूनर नसेल तर मात्र गुपचूप व्हायगॉट्स्कीवर गोल करा.