नावावर अनोळखी नंबर: बटण दाबण्याआधी हे वाचा

प्रश्न: सरकारच्या संचार साथी पोर्टलवर माझ्या नावावर सहा नंबर दाखवतायत. आमच्या घरात माझ्या आधारवर घेतलेली सिमं चारच आहेत. उरलेले दोन कोणाचे ते कळत नाही, मला ते नकोच आहेत. तिथे तीन पर्याय येतात, त्यातला कोणता दाबू? आणि कंपनीच्या दुकानात पण जावं लागेल का?

उत्तर:

"मला ते नकोच आहेत" हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो, कारण मीही हाच विचार करून चुकीचं बटण दाबलं होतं. वकील नाही, टेलिकॉमवालाही नाही. हात पोळलेला माणूस समजा.

तुम्हाला `Not Required` दाबायचं नाहीये. त्याचा अर्थ "नंबर माझाच आहे, आता नको" असा होतो. जे सिम तुम्ही घेतलंच नाही त्यासाठी `Not My Number` आहे. वापरातल्यांसाठी `Required`, तिथे काही नाही केलं तरी चालतं. मराठीत दोन्हीला आपण "नको" म्हणतो, आणि मी तिथेच फसलो.

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये मी नंबर पोर्ट केला. रस्त्याच्या कडेला छत्री लावून बसलेला मुलगा, मशीनवर अंगठा. "काका, नीट लागला नाही, परत लावा." परत लावला. मोबाइलसमोर धरून फोटो काढला, तोही दोनदा. सिम एकच हातात आलं. दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम निघालं होतं, हे मला सात महिन्यांनी कळलं.

फेब्रुवारीत मुलीने पोर्टल दाखवलं. एक नंबर जास्त होता. मी `Not Required` दाबलं, विनंती क्रमांक आला तो लिहून घेतला नाही, स्क्रीनशॉट नाही, विषय संपला असं समजून जेवायला बसलो.

मे महिन्यात परराज्यातल्या सायबर पोलिसांचा फोन आला. मला वाटलं हेच ते डिजिटल अरेस्टवाले, म्हणून ठेवून दिला. चार दिवसांनी आमच्याच पोलीस ठाण्यातला हवालदार नोटीस घेऊन दारात. त्या नंबरवरून कोणाला तरी पैशाला गंडवलं होतं. अर्जावर नाव माझं, अंगठा माझा, फोटोही माझाच. आणि वर मी स्वतः "आता नको" म्हणून नंबर सोडलेला! साहेबांनी विचारलं, "तुमचा नव्हता तर तसं का नाही कळवलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मधल्या काळात कंपनीच्या दुकानात गेलो होतो, तो किस्सा वेगळाच. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच असतील. काउंटरवरची बाई म्हणाली, पूर्ण नंबर सांगा. पोर्टलवर मधले अंक झाकलेले असतात, पूर्ण नंबर मला कुठून माहीत असणार? तर म्हणे, नंबर नसेल तर तक्रार घेता येत नाही, आणि नंबर माहीत असेल तर तो तुमचाच असणार. हसावं की रडावं! तीन फेऱ्या मारल्या, एकदाही पोच मिळाली नाही. म्हणून दुकानाच्या प्रश्नाला माझं उत्तर: आधी पोर्टलवर तक्रार, विनंती क्रमांक हातात, मग कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. दाद नाही लागली तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, पण तिथे आधीचा तक्रार क्रमांक लागतो. काउंटरवर तोंडी बोलून काही मिळत नाही, निदान मला मिळालं नाही.

सुटलो कसा? पोलिसांनी कंपनीकडून अर्ज मागवला. माझा खरा पोर्टिंगचा अर्ज आणि हा दुसरा, दोन्हींवरच्या वेळेत नऊ मिनिटांचा फरक, विक्रेत्याचा कोड एकच, फोटोत मागे तीच छत्री. त्यावरून जबाब घेऊन मला साक्षीदार केलं. तोवर चार खेपा आणि दोन रजा गेल्या होत्या.

यातलं एक काम तुम्ही आजच करा. `myaadhaar.uidai.gov.in` वर लॉगिन करून प्रमाणीकरणाचा इतिहास काढा, म्हणजे `Authentication History`. आधार कुठे, कधी, अंगठ्याने की ओटीपीने वापरलं ते तिथे दिसतं. पण तो मागच्या सहाच महिन्यांचा मिळतो. मी फेब्रुवारीत पाहिला असता तर ऑक्टोबरच्या दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी दिसल्या असत्या. मे महिन्यात काढला तेव्हा ती मुदत उलटून गेली होती. टेलिकॉम कंपनीची नोंद दिसली की पीडीएफ जपून ठेवा. मात्र नोंद नसली म्हणजे सिम निघालं नाही असं समजू नका. कागदाचा आणि माणसाचा फोटो काढून जी डिजिटल केवायसी होते तिच्यात अंगठा लागत नाही, ती या इतिहासात येणार नाही.

तक्रारीआधी एक खात्री मात्र करा. घरातल्या सगळ्यांचे नंबर कागदावर लिहा आणि यादीतले पुढचे-मागचे दिसणारे अंक जुळवा. डोंगलमधलं सिम, आईला दहा वर्षांपूर्वी आपल्या कागदावर घेऊन दिलेला नंबर, हे हमखास विसरतात. घाईत आईचाच नंबर "माझा नाही" म्हणून कळवलात तर कंपनी फेरपडताळणी लावेल, आई तो मेसेज फसवा समजून पुसेल आणि नंबर बंद पडेल. त्याच नंबरवर तिच्या बँकेचे ओटीपी येत असतील. आणि हो, लॉगिन केलेला नंबर ज्याच्या नावावर असतो त्याची यादी दिसते. माझ्या बायकोचा नंबर माझ्या नावावर आहे, त्यामुळे तिने लॉगिन केलं तरी माझीच यादी आली आणि ती उगाच घाबरली.

तक्रार केल्यावर नंबर लगेच बंद होत नाही. कंपनी त्या नंबरवाल्याला पडताळणीला बोलावते, तो आला नाही की तोडते. त्याच पानावर विनंती क्रमांक टाकून अधूनमधून बघत राहा. "चक्षू"वर टाकू नका, ते फसवे कॉल-मेसेज कळवायला आहे. त्या नंबरवरून कोणाची फसवणूक झाल्याचं कळलं तर १९३० किंवा `cybercrime.gov.in`, आणि जवळच्या ठाण्यात लेखी अर्ज देऊन शिक्क्याची पोच घ्या. नऊ सिमांपर्यंत चालतं म्हणून काही जण दुर्लक्ष करतात, पण ती मर्यादा तुमच्या स्वतःच्या सिमांची आहे.

मी आता आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवतो. फक्त रेशनला जाताना आठवणीने उघडावं लागतं, नाहीतर दुकानदाराच्या मशीनवर अंगठा लागत नाही आणि मागची रांग आपल्याला शिव्या घालते.

त्या दोन नंबरांचं पोर्टलवर पुढे काय दाखवतं ते इथे नक्की टाका. क्रमांक झाकून टाका.