लिंक्डइनवर क्लायंटकडून शिफारस कशी मागावी आणि कशी मांडावी?

«मी फ्रीलान्स आर्किटेक्ट आहे, दोन वर्षांपासून पुण्यात स्वतःची कामं घेते. लिंक्डइनवर शिफारसी घ्या असं सगळे सांगतात, पण कोणाकडे, कधी आणि कोणत्या शब्दांत मागायच्या? दोन आल्यात, त्या ‘व्हेरी टॅलेंटेड अँड हार्डवर्किंग’ छापाच्या आहेत. त्या ठेवू का?»

त्या दोन तूर्त राहू द्या. नेमक्या कामाबद्दल बोलणाऱ्या तीन आल्या की या लपवा. पोकळ शिफारस येते त्यात लिहिणाऱ्याचा दोष सहसा नसतो. ‘माझ्यासाठी शिफारस लिहाल का’ एवढाच निरोप मिळाला की माणूस शाळेच्या दाखल्यावरच्या शेऱ्यासारखं काहीतरी लिहून मोकळा होतो. म्हणून खरी मेहनत मागण्याच्या निरोपात आहे.

त्याआधी प्रोफाइलवर एक गोष्ट तपासा. शिफारस मागताना लिंक्डइन दोन गोष्टी विचारतं: समोरच्याशी तुमचं नातं काय होतं, आणि त्या वेळी तुम्ही कोणत्या पदावर होता. तुमची स्वतंत्र प्रॅक्टिस ‘Experience’मध्ये नोंदलेलीच नसेल, तर क्लायंटची शिफारस जुन्या फर्मच्या नोकरीला चिकटते आणि वाचणाऱ्याला वाटतं की हा बंगला त्या फर्मचा होता. म्हणून आधी ‘Experience’मध्ये वेगळी नोंद करा, नोकरीचा प्रकार ‘Freelance’ किंवा ‘Self-employed’ ठेवा आणि सुरुवातीचा महिना बरोबर टाका. नातं निवडताना तो तुमचा क्लायंट होता असं सांगणारा पर्याय घ्या, कारण शिफारशीबरोबर ते नातंही छापलं जातं. समोरची व्यक्ती तुमच्या थेट जोडणीत असावी लागते, नाहीतर तिला विनंती पाठवता येत नाही. विनंती ‘Recommendations’ विभागातल्या ‘Ask for a recommendation’मधून जाते. मेनूतले शब्द मोबाइलवर थोडे वेगळे दिसतील. तिथे आधीच भरलेला मजकूर असतो, तो पुसून स्वतःचा लिहा.

आता कोणाकडे. बंगला किंवा फ्लॅट बांधून घेणारा माणूस तुमचं प्रोफाइल उघडतो तेव्हा त्याला तीन धास्ती असतात: खर्च हाताबाहेर जाईल का, आर्किटेक्ट साइटवर येईल का, आणि मंजुरीच्या कागदांत अडकू का. या तिन्हींची उत्तरं एकाच माणसाकडे नसतात. खर्चाबद्दल आणि तुम्ही ऐकून घेता की नाही याबद्दल क्लायंटच बोलू शकतो. ड्रॉइंग वेळेवर मिळाली का आणि त्यातली मापं जुळली का, हे कॉन्ट्रॅक्टरला माहीत असतं. बीम-कॉलमच्या जागा ठरवताना तुम्ही समजूतदारपणे वागलात की हट्टाने, हे आरसीसी कन्सल्टंट सांगू शकतो. सुरुवातीला या तीन बाजूंची एकेक शिफारस मिळवा. माझ्या मते ती आठ क्लायंटच्या कौतुकापेक्षा जास्त उपयोगी पडते. जुन्या फर्मच्या प्रिन्सिपल आर्किटेक्टकडून मागायची असेल तर तीही चालेल, पण ती नोकरीच्या नोंदीला जोडा.

वेळ महत्त्वाची आहे. कॉन्ट्रॅक्टरला काम संपल्यावर लगेच विचारा, तो पुढच्या साइटवर गेला की तपशील विसरतो. क्लायंटच्या बाबतीत मात्र फायनल बिल मिटेपर्यंत मागूच नका. पैशांचा हिशेब उघडा असताना शिफारस मागितली की ती तडजोडीचा भाग वाटते. आणि गच्ची किंवा उतरतं छप्पर असलेलं घर असेल, तर पहिला पावसाळा जाऊ द्या. जूनआधी राहायला गेलेला क्लायंट एप्रिलमध्ये भरभरून लिहितो आणि ऑगस्टमध्ये बेडरूमच्या कोपऱ्यात ओल दिसली की तेच शब्द त्याला नकोसे होतात. त्याने दिलेली शिफारस तो केव्हाही मागे घेऊ शकतो. दिवाळीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस मला सगळ्यात योग्य वाटतात, कारण पाऊस ओसरलेला असतो आणि घर लावून झालेलं असतं.

एक उदाहरण मांडतो. समजा तळेगावला एका जोडप्याचा 1,850 चौरस फुटांचा तळमजला आणि वर एक मजला असा बंगला तुम्ही केला. प्लिंथ झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघर पूर्वेला हलवायला सांगितलं. तुम्ही दोन दिवसांत बदललेला नकाशा दिला आणि सोबत हेही दाखवलं, की सांडपाण्याची चेंबरची लाईन घराच्या दुसऱ्या बाजूने फिरवावी लागेल, तिला पुरेसा उतार मिळणार नाही आणि खर्च अमुक इतका वाढेल. ते पाहून त्यांनी स्वयंपाकघर होतं तिथेच ठेवलं आणि पूर्वेला फक्त खिडकी मोठी केली. तुमच्या कामाची ओळख पटवायला हा एकच प्रसंग पुरेसा आहे, पण क्लायंट तो आपणहून लिहिणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती घडून गेलेली किरकोळ गोष्ट आहे. त्याला आठवण करून द्यायची असते.

आधी फोन करा. होकार मिळाला की त्याच दिवशी लिंक्डइनवरून विनंती पाठवा, आठवडाभराने नको. मजकूर साधारण असा असू द्या:

«नमस्कार सर, फोनवर बोलल्याप्रमाणे विनंती पाठवतेय. पाच-सहा ओळी पुरेत, मराठीत लिहिलंत तरी चालेल. शक्य असेल तर या तीन गोष्टींपैकी तुम्हाला आठवतील त्यांबद्दल लिहा: प्लिंथनंतर स्वयंपाकघर हलवायचा विचार आपण कसा बदलला, साइटवर मी किती नियमित येत होते, आणि ठरलेला खर्च आणि झालेला खर्च यांत किती फरक पडला. काही मनासारखं झालं नसेल तर तेही लिहा. प्लॉट नंबर आणि रकमेचा आकडा कृपया नको.»

यात कौतुकाचा एकही शब्द तुम्ही सुचवलेला नाही, फक्त विषय दिलेत. उत्तर जवळपास असं येतं: «प्लिंथ झाल्यावर आम्हाला किचन पूर्वेला हवं होतं. मॅडमनी नकाशा बदलून दिला, पण ड्रेनेजला काय होईल तेही कागदावर काढून दाखवलं. आम्हीच निर्णय फिरवला. स्लॅबच्या आधी त्या दर वेळी साइटवर होत्या. फर्निचरच्या ड्रॉइंगला थोडा उशीर झाला, बाकी खर्च ठरल्याच्या जवळ राहिला.» उशिराचं वाक्य काढून टाकायला सांगू नका. त्या एका वाक्यामुळे बाकीच्या ओळी खऱ्या वाटतात.

दहा-बारा दिवसांत काही आलं नाही तर एकदाच आठवण करा. तरीही नाही आलं तर सोडून द्या. पुष्कळ जण म्हणतात, ‘तुम्हीच लिहून पाठवा, मी टाकतो.’ ते टाळा. तुम्ही चार जणांसाठी लिहिलं की चौघांची वाक्यं एकाच वळणाची होतात आणि एकाखाली एक वाचली की ते लगेच कळतं. त्यापेक्षा फोनवर पाच मिनिटं बोला, ते जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत टिपून त्यांना पाठवा आणि बदल करून टाकायला सांगा. कॉन्ट्रॅक्टरांच्या बाबतीत हाच मार्ग सोयीचा पडतो, कारण त्यांना लिहायचा कंटाळा असतो पण बोलायला सांगितलं तर नेमकं बोलतात.

शिफारस आली की ती आपोआप प्रोफाइलवर दिसत नाही, तुम्ही स्वीकारावी लागते. स्वीकारण्याआधी नीट वाचा. मजकूर तुम्हाला स्वतः बदलता येत नाही, पण दुरुस्तीची विनंती परत पाठवता येते. दुरुस्ती मागायची ती वस्तुस्थितीच्या चुकीसाठी. उदाहरणार्थ, क्लायंटने ‘आरसीसी डिझाइनपण यांनीच केलं’ असं लिहिलं असेल तर ते बदलून घ्याच. ते काम कन्सल्टंटचं आहे, उद्या तो कन्सल्टंटही हे वाचणार आहे. प्लॉट नंबर, गेटचा फोटो, घरात कोण कधी असतं असे उल्लेखही काढून घ्या. दुसऱ्या फर्मसाठी पडद्यामागे ड्रॉइंग केली असतील, तर त्या फर्मच्या परवानगीशिवाय प्रोजेक्टचं नाव शिफारशीत येऊ देऊ नका.

आर्किटेक्ट म्हणून तुम्हाला एक बंधन जास्त आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या 1989च्या व्यावसायिक आचारसंहितेत स्वतःच्या सेवांची जाहिरात करायला मनाई आहे आणि मोजके अपवाद दिलेत. आपल्या कामाच्या वर्णनाशी नाव जोडू द्यायला हरकत नाही, पण त्यासाठी मोबदला द्यायचा-घ्यायचा नाही, असा त्यातला एक अपवाद आहे. कामं मिळवण्यासाठी सवलत, कमिशन किंवा भेट देण्यालाही मनाई आहे. म्हणून ‘शिफारस लिहा, शेवटच्या हप्त्यात थोडं कमी करते’ हे कधीही बोलू नका, गमतीतही नको. त्याच कारणाने झालेल्या कामाचं वर्णन करणारी शिफारस मी निश्चिंतपणे ठेवीन, पण ‘फी सगळ्यांत कमी, आजच संपर्क करा’ अशा सुराची स्वीकारणार नाही. कौन्सिलकडे नोंदणी नसेल तर ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद लावायलाच 1972च्या आर्किटेक्ट्स कायद्याने बंदी आहे, त्यामुळे दुसऱ्याने शिफारशीत ते लिहिलं तरी बदलून घ्यायला हवं.

मांडणीत फार काही करता येत नाही. प्रोफाइलवर सुरुवातीला मोजक्याच शिफारसी दिसतात, बाकीच्या ‘Show all’ दाबल्यावर उघडतात, आणि नवीन आलेली वर येते. म्हणून ज्या क्रमाने दिसाव्यात असं वाटतं त्याच्या उलट क्रमाने मागा आणि स्वीकारा, म्हणजे सगळ्यांत भक्कम शेवटी. जुन्या पोकळ शिफारसी काढून न टाकता नुसत्या लपवता येतात. ज्याने तुम्हाला लिहिली त्याला त्याच दिवशी तुम्हीही लिहू नका. दिलेल्या शिफारसीही शेजारीच दिसतात, त्यामुळे देवाणघेवाण चटकन उघडी पडते. त्याच्याबद्दल खरंच लिहायचं असेल तर दोन-तीन महिन्यांनी लिहा.

आणि बंगल्याचे मालक बरेचदा निवृत्त असतात, लिंक्डइनवर नसतातच. फक्त शिफारशीसाठी त्यांचं खातं उघडून देऊ नका. एकही जोडणी नसलेलं, त्याच आठवड्यात उघडलेलं खातं पाहून वाचणाऱ्याला ते बनावट वाटतं. त्यांच्याकडून सहीचं, तारखेचं साधं पत्र घ्या, हस्ताक्षरातलं असेल तर आणखी चांगलं. पत्ता झाकून ते स्कॅन करा आणि त्यांची लेखी परवानगी घेऊन ‘Featured’मध्ये त्या घराच्या फोटोंशेजारी लावा. परवानगी व्हॉट्सॅपवर मिळाली असेल तर तो निरोप जपून ठेवा.