साडेसातशे रुपयांची गोष्ट

प्रिय बेटा,

बेसाच्या फ्लॅटसाठी सोमवारी सीताबर्डीच्या शाखेत जाणार म्हणालास, म्हणून आजच लिहितो. लोन डेस्कच्या खुर्चीत मी बरीच वर्षं काढली. समोरचा माणूस कुठे फसतो, ते तिथूनच नीट दिसतं.

"साहेब, व्याज कमी करा ना" असं म्हणू नकोस. तुझं कर्ज रेपोशी जोडलेलं असेल. रेपो रिझर्व्ह बँक ठरवते, त्यात शाखेचं काही चालत नाही. त्यावर बँक जो स्प्रेड लावते, तिथे बोलायला जागा असते. म्हणून थेट विचार, "माझ्या सिबिल स्कोअरला स्प्रेड किती, आणि तो कमी करायला वर शिफारस पाठवाल का?" सूट बहुधा शाखेत नाही, वरच्या कार्यालयात मंजूर होते. नुसत्या गोड बोलण्यावर अधिकारी वर काय पाठवणार? दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र हातात ठेव. कागद असला की त्यालाही शिफारशीला आधार मिळतो.

आता खरी मेख. समज, 40 लाख, 20 वर्षं, दर 8.40. हप्ता साधारण 34,460. घासाघीस करून 8.10 मिळवलास, तर हप्ता 33,707 होतो. महिन्याला साडेसातशे वाचले. तू खुश. तेवढ्यात चहा येतो आणि अधिकारी सहज म्हणतो, "सोबत कर्जाचा विमा घेऊन टाका, प्रीमियम कर्जातच जोडतो." प्रीमियम 90,000. त्याचा हप्ता काढ: साडेसातशेच्या वर! मिळवलेली सगळी सूट तिथेच गेली, वर तुला वाटतं आपण जिंकलो. (हे मीही करत होतो, टार्गेट असायचं.)

विमा वाईट नाही, पण तो याच बँकेकडून घ्यायची सक्ती नसते. बाहेरच्या साध्या टर्म विम्याचा भाव आधी काढून ने. तरी "विम्याशिवाय हा दर नाही" म्हणाले, तर ते लेखी माग. बहुतेक वेळा विषय तिथेच थांबतो.

प्रोसेसिंग फी अर्धा टक्का धरली तर 20,000, वर जीएसटी 3,600. ही माफ किंवा निम्मी होऊ शकते; तिमाही संपत आली की जास्तच सहज. वकिलाचा सर्च आणि मूल्यांकनाचा खर्च मात्र बहुधा सुटत नाही, आणि गहाणखताची स्टॅम्प ड्यूटी तर सरकारची आहे. त्यावर वाद घालून अधिकाऱ्याचा मूड घालवू नकोस.

सही करण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट माग. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, फी आणि बँकेने वसूल केलेला विमा धरून काढलेला वार्षिक दर. दोन बँकांचे हेच आकडे शेजारी ठेव. जाहिरातीतला दर विसर.

आणि कर्ज फ्लोटिंग दराचं असेल तर मुदतीआधी फेडायला दंड नसतो. पुढे दोन वर्षांनी नव्या ग्राहकांना स्वस्त दर दिसला, तर दुसरीकडे कर्ज हलवण्याचा अर्ज घेऊन याच शाखेत ये. बसून बोलतील.

सोमवारी अकरानंतर जा, त्याआधी कॅश काउंटरची गर्दी असते. कागदांचे फोटो मला पाठव, पण सही करायच्या आधी.

तुझा,
काका